साडेसतरा टक्के कुठून येतात?

*मी ५७ वर्षांची गृहिणी, सातारा जिल्ह्यातली. यजमान ६३ वर्षांचे, निवृत्त. दोघांच्या नावावरची ६ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात संपते आहे. सासूबाईंसाठी दिवसाची बाई ठेवली आहे, तिच्या पगारात महिन्याला साधारण आठ हजार कमी पडतात. माझ्या भाच्यानं मोबाईलवर शेअरची एक यादी दाखवली. त्यात एका रसायन कंपनीचं डिव्हिडंड यील्ड साडेसतरा टक्के आहे. भाव ८० रुपये, गेल्या वर्षी १४ रुपये लाभांश दिला. म्हणजे ६ लाखांवर वर्षाला १ लाख ५ हजार, महिन्याला पावणेनऊ हजार! भाव चौदा महिन्यांपूर्वी २०५ होता, म्हणजे शेअर स्वस्तात मिळतोय. मी २०० शेअर ९२ रुपयांनी घेऊनही ठेवले आहेत. ह्यांचं म्हणणं, शेअर म्हणजे जुगार, पैसे परत एफडीत टाक. लाभांश तर कंपनी रोखीत देते, त्यात जुगार कसला? कंपनीचं नाव सोबत लिहिलं आहे, ते छापू नये.*

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा पहिला भाग बरोबर आहे. लाभांश खात्यात जमा झाला की तो तुमचा. उद्या भाव पडला म्हणून कुणी तो परत मागत नाही. पण १४ रुपये गेल्या वर्षी जमा झाले, आणि ते त्या वेळी ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना. तुम्ही जे विकत घ्यायला निघाला आहात ते पुढच्या वर्षीचे रुपये आहेत. त्याबद्दल मोबाईलवरची यादी काहीच सांगत नाही. गेल्या बारा महिन्यांत दिलेला सगळा लाभांश बेरजेला घ्यायचा आणि त्याला आजच्या भावानं भागायचं, एवढंच ते यंत्र करतं. वरचा आकडा कालचा, खालचा आजचा.

तुमच्या कंपनीचा गेल्या तीन वर्षांचा वार्षिक अहवाल मी काढून पाहिला. त्याआधीची दोन वर्षं ती शेअरमागे ५ रुपये देत होती. भाव २०५ असताना ५ रुपये म्हणजे २.४ टक्के, अगदी सामान्य. त्या यादीच्या पहिल्या पानावर ही कंपनी तेव्हा दिसलीही नसती. आता लाभांश ५ रुपयेच ठेवला आणि भाव तेवढा ८० केला, तर यील्ड सव्वासहा टक्के होतं. कंपनीनं एक पैसाही जास्त दिलेला नाही, तरी आकडा अडीच पटींहून मोठा झाला, कारण शेअर घेणाऱ्यांना ती कमी मोलाची वाटू लागली. उरलेले सव्वाअकरा टक्के उरलेल्या ९ रुपयांचे. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर लाभांशाच्या नोंदी असतात. तिथे या ९ रुपयांपुढे ‘स्पेशल डिव्हिडंड’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कंपनीनं जुन्या कारखान्याची जमीन विकली, त्याचे ते पैसे. जमीन एकदाच विकता येते.

म्हणजे साडेसतरापैकी सुमारे अडीच टक्के मूळचे, पावणेचार भाव पडल्याचे आणि बाकी सगळे जमिनीचे. कंपनीचा धंदा सुधारला म्हणून आलेला यात एकही टक्का नाही.

तुम्ही म्हणता शेअर स्वस्तात मिळतोय. दुकानात साडी निम्म्या किमतीला मिळते तेव्हा साडी तीच असते, किंमत उतरते. शेअरमध्ये भाव आणि वस्तू दोन्ही बदलतात. या कंपनीच्या तिमाही निकालांत गेल्या वर्षभरात विक्री उतरत गेली आहे. एका मोठ्या ग्राहकानं माल घेणं कमी केल्याचं व्यवस्थापनानं स्वतः सांगितलं आहे. भाव त्यानंतरच घसरू लागला. बाजाराच्या नजरेतून सुटलेला हा शेअर नाही. नीट पाहूनच बाजारानं तो खाली आणला आहे. बाजार चुकतोही, पण तो चुकला आहे असं मानायला आपल्याकडे काही कारण हवं, आणि ‘यील्ड जास्त आहे’ हे ते कारण होऊ शकत नाही. ते यील्ड बाजारानं भाव पाडल्यामुळेच तयार झालं आहे.

आता ते ५ रुपये तरी टिकतील का, हे पाहू. कंपनीनं गेल्या वर्षी शेअरमागे १२ रुपये नफा दाखवला, म्हणून १४ रुपये लाभांश फारसा खटकत नाही. पण त्या नफ्यातले ८ रुपये जमीन विक्रीचे आहेत. धंद्यातून आले ४. म्हणजे नेहमीचे ५ रुपयेसुद्धा कमाईतून निघत नाहीत. आणि हे ४ देखील कागदावरचे. माल विकला की बिल फाडल्याबरोबर नफा धरला जातो, पैसे नंतर येतात. या कंपनीचे पैसे पूर्वी विक्रीनंतर साधारण सत्तर दिवसांनी यायचे, आता एकशे तीस दिवस लागताहेत. त्यामुळे वर्षभरात धंद्यातून हातात आलेली रोख शेअरमागे दीडच रुपया. त्यातून यंत्रांचा खर्च भागवायचा, सांडपाणी शुद्धीकरणाचा नवा प्रकल्प उभा करायचा. वर्षअखेरीला बँकेचं कर्ज वाढलेलं दिसतं, त्याचं कारण हेच.

हे शोधायला हिशेबनीस व्हावं लागत नाही. वार्षिक अहवालात ‘कॅश फ्लो स्टेटमेंट’ नावाचं पान असतं. त्याचे तीन भाग: धंद्यातून आलेली रोख, मालमत्तेच्या खरेदी-विक्रीची रोख, आणि कर्ज-लाभांशाची रोख. पहिल्या भागाची बेरीज घ्या. दुसऱ्या भागातून कारखाना व यंत्रांवर झालेला खर्च त्यातून वजा करा. जे उरेल त्यापेक्षा तिसऱ्या भागातला दिलेला लाभांश मोठा असेल, तर फरक कुठून आणला हे विचारायचं. एखाद्या वर्षी असं होऊ शकतं, नवा कारखाना उभारताना तर होतंच. पण सलग तीन वर्षं झालं, तर लाभांश साठ्यातून किंवा कर्जातून चालला आहे असं समजा. नफ्याचा आकडा पाहून हे कळत नाही. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी दर वर्षी लाभांश वाढवत होती. २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत तिनं धंद्यातून आलेल्या रोखीपेक्षा २१.७ कोटी पौंड जास्त लाभांश म्हणून वाटले. जुलै २०१७ मध्ये तिनं कंत्राटांवर ८४.५ कोटी पौंडांचा तोटा मान्य केला आणि लाभांश थांबवला. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच बुडाली. लाभांशासाठी तो शेअर धरून बसलेल्या निवृत्त लोकांच्या हाती काही राहिलं नाही.

तुमचा भाचा म्हणेल, ही उदाहरणं पडक्या कंपन्यांची. मोठी, भक्कम कंपनी असेल तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडच्याच एका गोष्टीत आहे.

हिंदुस्तान झिंक ही राजस्थानात जस्त आणि चांदी काढणारी कंपनी. खाणी उत्तम, खर्च कमी, धंद्यात खोट नाही. २०२२-२३ या वर्षात तिनं चार हप्त्यांत शेअरमागे २१, साडेपंधरा, १३ आणि २६ असे मिळून साडेपंच्याहत्तर रुपये लाभांश दिला. मार्च २०२३ च्या अखेरीला भाव तीनशेच्या आसपास होता. यील्ड पंचवीस टक्के! (जाता जाता: शेवटचा २६ रुपयांचा हप्ता ‘१३०० टक्के लाभांश’ म्हणूनही सांगता येतो, कारण ही टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर, म्हणजे २ रुपयांवर मोजतात. असे मथळे वाचून पैसे गुंतवणारे मी ब्रोकरकडे नोकरीला असताना रोज पाहत होतो. दर्शनी किमतीवरची टक्केवारी तुमच्या काही कामाची नाही, ती वाचून सोडून द्या.)

त्या वर्षी कंपनीचा नफा होता साधारण १०,५०० कोटी. वाटले सुमारे ३१,९०० कोटी. कमाईच्या तिप्पट. वर्षाच्या सुरुवातीला या कंपनीकडे रोख आणि गुंतवणुकीचा मोठा साठा होता, तो वर्षभरात आटला आणि कर्ज वाढलं. मोकळेपणानं वाटता यावेत म्हणून राखीव गंगाजळीतले दहा हजार कोटींहून जास्त रुपये वाटपयोग्य नफ्याच्या खात्यात वळवण्याचा प्रस्तावही कंपनीनं मांडला होता.

एवढी घाई कशाला? उत्तर हिंदुस्तान झिंकच्या ताळेबंदात नाही, तिच्या मालकाच्या ताळेबंदात आहे. तिचे जवळपास ६५ टक्के शेअर वेदांता लिमिटेडकडे होते, साडेएकोणतीस टक्के केंद्र सरकारकडे. वेदांताचे बहुतांश शेअर लंडनच्या वेदांता रिसोर्सेसकडे, आणि तिच्या डोक्यावर अब्जावधी डॉलरचं कर्ज. हिंदुस्तान झिंकनं वाटलेल्या दर शंभर रुपयांतले पासष्ट वेदांताकडे जात. वेदांतानंही त्याच वर्षी शेअरमागे १०१.५० रुपये लाभांश दिला, त्यातला मोठा वाटा लंडनला. जानेवारी २०२३ मध्ये वेदांताचा परदेशातला जस्ताचा धंदा हिंदुस्तान झिंकनं जवळपास तीन अब्ज डॉलरना विकत घ्यावा असाही बेत होता. सरकारनं विरोध केला आणि तो बारगळला. पुढे लंडनच्या कंपनीला काही रोख्यांच्या परतफेडीची मुदत वाढवून घ्यावी लागली.

यात बेकायदा काही नव्हतं. किरकोळ भागधारकालाही शेअरमागे तेवढेच साडेपंच्याहत्तर मिळाले आणि सरकारच्या तिजोरीतही नऊ हजार कोटींच्या वर गेले. आधीपासून शेअर असलेल्यांचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही; कंपनीच्या पोटातली रोख त्यांच्या खिशात आली, इतकंच. फसला तो मार्चअखेरीला ‘पंचवीस टक्के’ वाचून तीनशेला शेअर घेणारा. त्याला पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, ७ आणि ६ मिळून १३ रुपये मिळाले. चार टक्क्यांच्या थोडं वर. तुमच्यासारखा महिन्याचा हिशेब त्यानं मांडला असता, तर आठ हजारांच्या जागी चौदाशेच्या आत आले असते.

मे २०२४ मध्ये धातूंचे भाव चढले आणि हाच शेअर सातशेच्या वर गेला, हेही सांगायला हवं. धीर धरणाऱ्याचं भलं झालं. पण ते चांदी-जस्तामुळे झालं, लाभांशामुळे नाही. आणि ज्याला दर महिन्याला बाईचा पगार द्यायचा आहे, त्याला मधल्या काळात शेअर विकावे लागले असते.

तेव्हा मोठा लाभांश दिसला की मी एक गोष्ट आधी बघतो: हे पैसे कुणाला हवे आहेत? प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या मूळ मालकाच्या, डोक्यावर कर्ज असेल, त्यानं आपले शेअर तारण ठेवले असतील (शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर भागधारणेच्या तिमाही तक्त्यात हे दिसतं), तर कंपनीला न परवडणारा लाभांशही निघतो. तुमच्या रसायन कंपनीतही प्रवर्तकांचे एकतीस टक्के शेअर तारण आहेत, दोन वर्षांपूर्वी नव्हते. जमिनीचे पैसे कर्ज फेडायला किंवा शुद्धीकरण प्रकल्पाला न वापरता लाभांशात का गेले, याचा अंदाज यावरून येतो. अंदाजच म्हणतो, कारण त्यांच्या मनात काय होतं ते अहवालात लिहिलेलं नसतं.

यावरून प्रत्येक मोठं यील्ड खोटं असं मात्र ठरवू नका. त्याच मार्च २०२३ मध्ये कोल इंडियाचा भाव सव्वादोनशेच्या आत होता आणि त्या वर्षाचा लाभांश सव्वाचोवीस रुपये. यील्ड अकरा टक्क्यांच्या घरात. वरवर पाहता तोही सापळाच वाटावा. पण शेअरमागे नफा ४५ रुपयांच्या वर होता, म्हणजे लाभांश कमाईच्या निम्म्याच्या आसपास. कोळशाला भविष्य नाही या समजुतीनं भाव दबलेला होता, धंद्यात रोख येत होती. पुढच्या वर्षी त्यांनी साडेपंचवीस रुपये दिले. अकरा टक्के टिकले, पंचवीस टिकले नाहीत. आकड्याकडे पाहून हा फरक कळला नसता. लाभांशाशेजारी नफा ठेवला असता तर दोन मिनिटांत कळला असता. यजमानांनाही हे दाखवा. सगळेच शेअर जुगार असते तर हा फरक आधी दिसलाच नसता.

आता तुमचे ६ लाख. तुमच्या कंपनीनं पुढच्या वर्षी २ रुपये दिले असं धरू, माझ्या मते तेही उदारपणे. ७,५०० शेअरवर १५ हजार रुपये, महिन्याला साडेबाराशे. शिवाय लाभांशात कपात जाहीर झाली की लाभांशासाठीच थांबलेले लोक एकदम बाहेर पडतात. भाव ८० वरून ६० झाला, तर मुद्दलातले दीड लाख गेले. लाभांश तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर नेहमीच्या दरानं कर लागतो, आणि एका कंपनीकडून वर्षात १० हजारांहून जास्त आला तर दहा टक्के टीडीएस आधीच कापला जातो. पण मुद्दलात आलेली खोट या लाभांशातून वजा करता येत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर हे पैसे यजमानांच्या नावानं पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते. सध्याचा दर ८.२ टक्के, खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो, व्याज दर तिमाहीला. ६ लाखांवर तिमाहीला १२,३०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,१०० पडतात. आठ हजारांची गरज यातून पुरी होत नाही, हे मला दिसतं आहे. उरलेले ३,९०० दुसरीकडून उभे करावे लागतील: दिरा-नणंदांशी बोलून, बाईंचे तास कमी करून, किंवा मुद्दलातून ठरवून थोडं थोडं काढून. मुद्दलातून काढणं वाईट वाटतं, मला माहीत आहे. पण साडेसतरा टक्क्यांच्या शेअरमध्येही तुम्ही मुद्दलच खात असता, फक्त ते कंपनी परस्पर करते आणि तुम्हाला त्याची पावती मिळत नाही. २०१३ मध्ये एका कंपनीत मी स्वतः हे केलं आहे. तीन वर्षं लाभांश आला म्हणून खूश होतो. चौथ्या वर्षी तो बंद झाला तेव्हा हिशेब केला, तर मिळालेल्या सगळ्या लाभांशापेक्षा भावातलं नुकसान जास्त होतं.

राहिले तुमचे २०० शेअर. पुढच्या महिन्यात रेकॉर्ड डेट आहे, त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर त्याला लाभांश, तर तेवढा घेऊन विकू, असं तुमच्या मनात येईल. त्यात काही मिळत नाही. ज्या दिवसापासून नव्यानं शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्या एक्स-डेटच्या सकाळी भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो, आणि हातात आलेल्या रुपयावर कर मात्र लागतो. त्याऐवजी स्वतःला एवढंच विचारा: हे शेअर नसते, तर आज ८० रुपये देऊन घेतले असते का? वरचा हिशेब वाचून उत्तर नाही असेल, तर विका. तोटा २,४०० रुपयांचा आहे. तो विवरणपत्रात वेळेत दाखवा, म्हणजे पुढची आठ वर्षं शेअरमधल्या एखाद्या नफ्यातून वजा करता येईल. आणि भाच्याला त्या यादीत आणखी एक रकाना लावायला सांगा, लाभांश भागिले शेअरमागचा नफा, जमीन विक्रीसारखी एकदाची कमाई वगळून. तो रकाना लावल्यावर पहिल्या पानावरच्या किती कंपन्या उरतात, हे मलाही कळवा.